सहा वेळा खाल्लं की चरबी जास्त जळते?

“दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खाल्लं की मेटाबॉलिझम वाढतो आणि भूकही लागत नाही, खरं ना?”

नाही. पचनावर खर्च होतो तो एकूण खाण्याच्या साधारण दहावा हिस्सा. १५०० कॅलरी तीनदा ५००-५०० अशा घ्या किंवा सहादा २५०-२५०, खर्च दीडशेच्या आसपासच. २०१० मध्ये छापून आलेल्या कॅनडातल्या एका छोट्या प्रयोगात तीनदा आणि सहादा खाणाऱ्या दोन्ही गटांनी ८ आठवडे कमी कॅलरी घेतल्या. वजन सारखंच उतरलं.

भुकेचं गणित तर उलटंही फिरतं. आमच्या इंदूरच्या मावशींनी सहा वेळांचा तक्ता लावला. २५० कॅलरीत बसतात दोन पातळ फुलके आणि चमचा-दोन चमचे भाजी, पोह्यांवर शेव पडली की (आणि इथे ती पडतेच!) हिशोब संपला. पोट कधी भरायचंच नाही, डोळा सतत घड्याळाकडे. आता त्या तीनदाच जेवतात, पण ताटात वाटीभर घट्ट वरण, दही, कोशिंबीर असते. प्रथिनं आणि चोथा एकाच वेळी पुरेसा गेला की चार-पाच तास निभतात.

कुणाला चारदा सोसतं, तेही चालेल. मात्र इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला.