एक आठवडा, चार अर्ज

विमा कंपनीत नोकरी करत ॲक्च्युरीच्या परीक्षा देणाऱ्याला रजेचा अर्ज हा आणखी एक पेपर असतो, फक्त त्याचा अभ्यासक्रम कोणी देत नाही. त्यात सीएस १ म्हणजे एका विषयाच्या दोन परीक्षा: ‘ए’ लेखी आणि ‘बी’ संगणकावर, आर ही प्रोग्रामिंगची भाषा वापरून.

समजा ‘ए’ मंगळवारी आहे, ‘बी’ शुक्रवारी. कंपनीकडून अभ्यासरजा विषयामागे चार दिवस आणि परीक्षेचा दिवस वेगळा, त्याच्या स्वतंत्र खात्यातून. सोमवार, बुधवार, गुरुवार अभ्यास, म्हणजे चारातले तीन गेले, एक शिल्लक. इथवर हिशोब पहिलीच्या मुलालाही जमेल.

आता पोर्टल उघडा. तिथे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोनच रकाने आणि प्रकार एकच निवडता येतो. घाईत सोमवार ते शुक्रवार, अभ्यासरजा, पाच दिवस असं टाकलं की पोर्टल निमूटपणे चारही अभ्यासरजा खातं आणि पाचवा दिवस अर्जित रजेतून उचलतं. परीक्षारजेचं खातं तसंच भरलेलं राहतं. हा घोटाळा कळतो बऱ्याचदा पगाराच्या चिठ्ठीतच, कारण मंजुरीच्या मेलमध्ये फक्त ‘५ दिवस मंजूर’ एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून अर्ज चार करायचे. आधी मंगळवार आणि शुक्रवार, परीक्षारजा म्हणून, कारण त्या तारखा आपल्या हातात नाहीत. मग सोमवार, मग बुधवार-गुरुवार, अभ्यासरजा म्हणून. पुरावा फक्त परीक्षेच्या अर्जांना जोडायचा. ॲडमिट कार्ड आलं नसेल तर तोवर नोंदणीची पावती जोडून शेऱ्यात ‘ॲडमिट कार्ड आल्यावर जोडतो’ असं लिहायचं, आणि ते खरंच जोडायचं. पुराव्याशिवाय परीक्षारजा नंतर बिनपगारी होऊ शकते.

खरा फायदा परीक्षा पुढे ढकलली तर कळतो. शुक्रवारची ‘बी’ सरकली तर तेवढाच अर्ज मागे घ्यायचा. सगळा आठवडा एका ओळीत असेल तर तो पूर्ण रद्द करावा लागतो, आणि सोमवार-मंगळवार उलटून गेले असतील तर पोर्टल तेही करू देत नाही. मग एचआरला मेल, साहेबांना सीसी, आणि ‘बघतो’ असं उत्तर.

साहेबांना एका सकाळी चार मेल गेले की ते हमखास विचारतात, “अरे, घरी सगळं ठीक ना?” म्हणून प्रत्येक शेऱ्यात ‘सीएस १, अर्ज ४ पैकी १’ असा क्रमांक घालावा. प्रश्न येतोच, पण एकदाच येतो.

घरच्या पोर्टलवर मात्र प्रकार निवडायची सोयच नाही. बुधवारी पुस्तक उघडलं की आतून आवाज येतो, “आज घरीच आहेस ना? मग दुपारी सिलिंडर घे, आणि सोसायटीचा प्लंबर येणारे, त्याला गळती दाखव.”