दहा मिनिटांची पॅच टेस्ट ही टेस्टच नव्हे

"नवीन क्रीम आणलं की हाताच्या मागे थोडंसं लावा आणि दहा मिनिटं थांबा. लाल झालं नाही तर बिनधास्त चेहऱ्याला लावा. नैसर्गिक असेल तर तेवढंही करायची गरज नाही. नंतर पुरळ आलं, खाज सुटली तर घाबरू नका, आतलं विष बाहेर पडतंय, क्रीम बंद करू नका. आणि आठ दिवसांत फरक दिसला नाही तर सरळ फेकून द्या."

हा मेसेज माझ्या ताईला आला, तिने तो अक्षरशः पाळला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तिने रविवारी रात्री हाताच्या मागे क्रीम लावलं. दहा मिनिटांत काही झालं नाही, म्हणून लगेच चेहऱ्याला लावलं. बुधवारपर्यंत सगळं ठीक होतं. गुरुवारी पापण्यांना खाज सुटली. शनिवारी डोळे सुजले आणि मानेवर लाल चट्टा उठला. त्यानंतरही तिने चार दिवस क्रीम चालू ठेवलं. मी फोनवर ओरडले तर म्हणाली, "अगं, आत्ता बंद केलं तर अर्धवट राहील ना सगळं." मी भेटायला गेले तेव्हा तिच्या पापण्यांची कातडी चुरगळलेल्या पातळ कागदासारखी झाली होती आणि कडांना कोंडा धरला होता.

तेव्हा आधी त्या विषाबद्दल, कारण खरं नुकसान तिथेच झालं. त्वचा विष बाहेर टाकत नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. ताईला झाला तो अ‍ॅलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस. क्रीममधल्या एखाद्या घटकाला शरीराच्या संरक्षक पेशी शत्रू म्हणून ओळखतात आणि तो जिथे लागला तिथे हल्ला करतात. तो घटक लागत राहील तोवर हल्ला थांबत नाही. म्हणजे "चालू ठेवा" हा सल्ला आगीवर तेल ओतण्याचा आहे. पापण्या आधी बिघडतात कारण तिथली कातडी सगळ्यात पातळ असते, आणि गालावर लावलेलं क्रीम हाताने, उशीने तिथवर पोचतंच.

यात अर्धसत्य आहे, तेही नाइलाजाने सांगते. रेटिनॉइड किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडसारखं, कातडीचा थर लवकर बदलायला लावणारं काही सुरू केलं की पहिले काही आठवडे मुरमं वाढल्यासारखी वाटू शकतात. आत तयार होत असलेली मुरमं लवकर वर येतात, यालाच लोक पर्जिंग म्हणतात. पण ती नेहमी येतात त्याच जागी येतात आणि साधारण चार-सहा आठवड्यांत ओसरू लागतात. खाज, सूज, पापण्या, मान, किंवा जिथे कधीच मुरूम आलं नाही तिथे पुरळ, हे पर्जिंग नव्हे. आणि साध्या मॉइश्चरायझरने तर पर्जिंग होतच नाही. ताईचं होतं ते साधं मॉइश्चरायझर.

आता दहा मिनिटं. तेवढ्या वेळात फक्त लगेच उठणाऱ्या गांधी किंवा झोंबणं कळतं. अ‍ॅलर्जीचा हा प्रकार मुळातच उशिरा येणारा आहे. आधीच अ‍ॅलर्जी असलेल्या माणसालाही पुरळ यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, आणि घटक थोडा असेल तर अनेकदा लावल्यावरच त्वचा बोलते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर तपासणीच्या चकत्या चिकटवतात तेव्हा त्या 48 तास ठेवतात, आणि काढल्यावर पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. त्यांना चार दिवस लागतात तिथे आपलं दहा मिनिटांत कसं भागेल?

घरी करायची रीत अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीने स्पष्ट दिली आहे आणि मला तीच पटते. दंडाची आतली बाजू किंवा कोपराची आतली घडी निवडायची. जागा अशी हवी की क्रीम घासून किंवा धुऊन जाणार नाही. साधारण अडीच सेंटीमीटर रुंदीचा गोल, दिवसातून दोनदा, नेहमी लावतो तेवढ्याच जाडीचा थर, सात ते दहा दिवस, आणि रोज त्याच जागी. धुऊन टाकायचं उत्पादन असेल तर नेहमीइतका वेळ किंवा पाच मिनिटं ठेवून धुवायचं. माझी भर एवढीच: वर पट्टी चिकटवू नका, कारण झाकल्यावर अ‍ॅसिडसारख्या गोष्टी उगाच भाजतात. त्या जागी स्टेरॉइडचं मलम लावलेलं असेल तर पुरळ दबून राहतं आणि टेस्ट खोटी ठरते. आणि एका वेळी एकच नवीन वस्तू, नाहीतर चोर कोण ते कळत नाही.

लाली, खाज, बारीक पुळ्या दिसल्या की हलक्या हाताने धुवायचं आणि तिथेच थांबायचं. रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक अ‍ॅसिडने नाजूक त्वचेवर थोडी तात्पुरती जळजळ होऊ शकते, तेवढ्याने लगेच अ‍ॅलर्जी म्हणू नये. ताईने ही टेस्ट केली असती तर बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी कोपरावर नाण्याएवढी खाज सुटली असती आणि चेहरा वाचला असता.

या टेस्टला मर्यादाही आहेत. हाताची कातडी चेहऱ्यापेक्षा जाड, म्हणून हात पास झाला तरी आधी जबड्याखाली दोन-तीन दिवस लावून मग पूर्ण चेहऱ्यावर जावं. क्रीमने रंध्रं बुजून मुरमं येतील का, हे हातावर कळत नाही. आणि आज नसलेली अ‍ॅलर्जी वर्षभराने होऊ शकते.

नैसर्गिक म्हणून सूट? टी ट्री तेल आणि सुगंधी तेलं यांची अ‍ॅलर्जी लोकांना नेहमी होते. पुढे.

आठ दिवसांत फेकणं हेही चूक. कातडीच्या तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळायला साधारण महिना लागतो, वय वाढलं की जास्त. कोरडेपणा कमी झाला का हे मॉइश्चरायझर एक-दोन आठवड्यांत सांगतं. मुरमांवरच्या औषधाला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. डागांना दोन-तीन महिने, तेही रोज सनस्क्रीन लावलं तरच. दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढावा. रोज आरशात पाहून फरक कळत नाही. पण हा धीर फक्त "फायदा दिसत नाही" यासाठी आहे. सूज आणि खाज आली तर एक दिवसही थांबायचं नाही.

ताईचं पुढे असं झालं. डॉक्टरांनी सगळं बंद करायला लावलं, मलम दिलं, तीन आठवड्यांत पापण्या निवळल्या. नंतर पाठीवरच्या टेस्टमध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे प्रिझर्व्हेटिव्ह सापडलं. युरोपियन युनियनमध्ये 2017 पासून लावून ठेवायच्या क्रीममध्ये ते वापरायला बंदी आहे. नशिबाने तिने खोका टाकला नव्हता. घटकांच्या यादीत अगदी शेवटी ते नाव होतं. ती वर्षानुवर्षं वापरत असलेल्या ओल्या वाइप्सच्या पाकिटावरही तेच नाव निघालं, तेव्हा अ‍ॅलर्जी बहुधा आधीच तयार होती. आता तिने नवीन मॉइश्चरायझर घेतलं आहे. आज कोपरावर सहावा दिवस.