पाळी चुकलीय आणि एकाच बाजूला दुखतंय? मग असा मेसेज आला तर बाजूला ठेवा

"पाळी पुढे गेली आणि ओटीपोटात एका बाजूला कळ येत असेल तर टेन्शन घेऊ नका. गॅस असतो नाहीतर अंडं फुटतानाचं दुखणं. टेस्टवर लाइन फिकट असेल तर प्रेग्नन्सी नाही. डाग गेले म्हणजे पाळी आलीच. कॉपर टी बसवलेली असेल किंवा ऑपरेशन झालेलं असेल तर प्रश्नच नाही. पेनकिलर घ्या, शेक घ्या, दोन दिवसांत थांबतं."

आधी अंडं फुटण्याचं बघू. ते होतं पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी, त्यामुळे पाळीची तारीख उलटून गेल्यावर ते कारण सहसा बसत नाही. कधी अंडंच उशिरा फुटतं हे खरं, पण ते गृहीत धरायच्या आधी टेस्ट करा ना. कारण याच दिवसांत, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर सहाव्या ते आठव्या आठवड्यात, गर्भपिशवीऐवजी नळीत, म्हणजे अंडं पिशवीकडे नेणाऱ्या बीजनलिकेत, राहिलेला गर्भ त्रास द्यायला लागतो. पिशवी ताणली जाते, नळी तशी ताणली जात नाही, ती फाटते आणि रक्त पोटात साचत जातं.

गॅसचा घोळ तर इथेच होतो. साचलेलं रक्त गुदाशयावर दाब देतं, मग सारखं संडासला लागल्यासारखं वाटतं आणि बाई बाथरूमच्या फेऱ्या मारत बसते. रक्त वर सरकून श्वासपटलापर्यंत गेलं की खांद्याच्या टोकाला दुखतं, आडवं झाल्यावर जास्तच, आणि घरचे म्हणतात अवघडला असेल. पाळी चुकलेल्या बाईचं पोट दुखतंय आणि वर खांदाही दुखतोय, तर बाम शोधत बसू नका, थेट कॅज्युअल्टी.

फिकट लाइन वेळेत वाचली असेल तर ती पॉझिटिव्हच धरायची. आणि गर्भ कुठे आहे हे कार्डवर कधीच कळत नाही, ते सोनोग्राफीत कळतं.

डागांचं म्हणाल तर नळीतल्या गर्भातही अंगावरून जातं, बहुतेकदा थोडं, तपकिरी, नेहमीच्या पाळीसारखं नाही. बाहेर दिसणाऱ्या रक्तावरून आतलं काहीच मोजता येत नाही, दोन थेंब डाग आणि पोटात लिटरभर रक्त असंही असतं. आणि हो, गर्भपाताच्या गोळ्या मनाने घेऊन अंगावरून गेलं म्हणून निर्धास्त होणाऱ्याही असतात, त्या गोळ्यांनी नळीतला गर्भ जात नाही.

कॉपर टी आणि ऑपरेशनने गर्भ राहायची शक्यताच खूप कमी होते, इतकं बरोबर आहे. पण तरीही राहिलाच, तर तो नळीत असायची शक्यता उलट जास्त असते. म्हणजे नळ्या बांधलेल्या बाईची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर जास्त घाई करायची, कमी नाही.

आता शेवटचा सल्ला, दोन दिवस थांबायचा, मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. थांबतात डॉक्टरही, पण कसं ते बघा. समजा शेवटच्या पाळीला 45 दिवस झालेत, थोडे डाग आहेत, उजवीकडे दुखतंय पण सहन होतंय, बीपी ठीक, सोनोग्राफीत पिशवी रिकामी आणि नळीपाशीही काही दिसत नाही. रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्यावर वाढणारं हार्मोन, आलं 900. पिशवीत गर्भ आहे पण अजून दिसत नाही असंही असू शकतं, म्हणून 48 तासांनी तीच टेस्ट परत. पिशवीतला नीट वाढणारा गर्भ असेल तर आकडा सहसा 1,350 च्या तरी पुढे जायला हवा. आला 1,050, ना धड वाढला ना उतरला, की संशय पक्का व्हायला लागतो, पुन्हा सोनोग्राफी होते आणि नळी फाटायच्या आत सापडलं तर काही जणींचं गर्भाची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनवर भागतं. नळी फाटल्यावर मात्र ऑपरेशनच.

आणि त्या 48 तासांतही दुखणं एकदम वाढलं, घेरी आली, घाम फुटला, खांदा दुखायला लागला तर रिपोर्टची वाट बघायची नाही. पेनकिलरने कळ दबते, रक्तस्राव चालूच राहतो. तरुण बाईचं बीपी बरंच रक्त जाईपर्यंत टिकतं, त्यामुळे घरच्या मशीनवर नॉर्मल आकडा बघून झोपून जाऊ नका.

निघताना स्वतः गाडी चालवू नका आणि काही खाऊपिऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. तिथे नुसतं "पोट दुखतंय" म्हणू नका, शेवटच्या पाळीची तारीख, टेस्ट काय आली, कुठल्या बाजूला दुखतंय, चक्कर आली का, एवढं दारातच सांगा. टेस्ट केलेलीच नसेल तर तेही सांगा, ती तिथे लगेच होते.