गल्लीचा व्हिडिओ आणि मी कापलेला पहिला सीन

मंडळाने ठरवलं की 'सगळ्यांचे सण, सगळ्यांची गल्ली' असा तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा, आणि स्क्रिप्ट माझ्या गळ्यात पडली. पहिला सीन बैठकीत सगळ्यांना तोंडपाठ होता: टोपी, टिळा आणि क्रॉस घातलेली तीन पोरं हातात हात घालून पळतायत. मी तो तिथेच कापला. त्यात कुणी कुणासाठी काही करतच नाही, नुसते कपडे दिसतात.

मला तारखेचा सीन हवा होता. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला. मुंबईत मुस्लिम संघटनांनी जुलूस एक दिवस पुढे नेला. २०२४ ला ईद १६ ला आणि विसर्जन १७ ला, तेव्हा जुलूस १८ ला निघाला. २०२५ ला ५ आणि ६ सप्टेंबर, जुलूस ८ ला. सलग तीन वर्षं! दोन्ही दिवस चंद्रावरच मोजतात, पण हिजरी वर्षात अधिक महिना नसतो. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अशी गाठ मधूनच पडते.

तर आता पहिला सीन असा. मंडळाची खोली, भिंतीवर कॅलेंडर, सेक्रेटरी आणि मशिदीकडचे चाचा.

सेक्रेटरी: चाचा, त्या दिवशी रस्ता आमच्या ट्रकने भरलेला असणार.
चाचा: माहितीये. आम्ही दुसऱ्या दिवशी काढतो.
सेक्रेटरी: तुमचा सण आहे तो.
चाचा: सण त्या दिवशीच होईल. मिरवणूक तेवढी पुढे.

बस. मिठी नाही, मागे बासरी नाही. दुसऱ्या सीनमध्ये रात्रभर ओरडून घसे बसलेली आमची पोरं जुलूसला सरबत देतात. आवाज खरोखर बसलेला हवा, तो अभिनयाने येत नाही.

तिसऱ्या सीनमध्ये मी चाचांच्या हातात मोदक दिला होता. वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "मी मंडपात खुर्च्या लावतो, रात्री राखणीला बसतो, पण देवापुढचा प्रसाद घेत नाही. तेवढं खोटं नको." मला आधी जरा लागलं, मग पटलं. आता काकू प्रसादाचं ताट पुढे नेतात, चाचा छातीवर हात ठेवून मान हलवतात आणि काकू सहज देवापुढे न ठेवलेली दोन केळी देतात. माझ्या मते अख्ख्या व्हिडिओत हाच सीन सर्वांत खरा आहे.

एडिटिंग करणाऱ्या पोराशी मात्र वाद झाला. त्याला अजानखाली संगीत घालायचं होतं. मी म्हटलं, अजान असो की आरती, जशी ऐकू येते तशी ठेव, नाहीतर वापरूच नको. नमाजाचं शूटिंगही वगळलंय, कारण तिथे उभ्या प्रत्येकाला आधी विचारणं शक्य नाही.

रविवारी शूटिंग आहे. अडचण एकच: खरे सेक्रेटरी कॅमेरा दिसला की हसत सुटतात. चाचांसमोर दोन वाक्यं सरळ चेहऱ्याने बोलू शकेल असं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये या.