मजकूर जातो, चित्र अडते: दोष नेहमी सेवेचाच नसतो

> «चॅटमध्ये मजकूर जातो आणि चित्र तेवढे जात नाही, म्हणजे दोष त्या सेवेच्या सर्व्हरमध्येच आहे. फायरवॉलने अडवले असते तर सगळी साइटच बंद पडली असती आणि अडवल्याची सूचनाही दिसली असती. एक्स्टेंशन फक्त जाहिराती अडवतात. खात्री करायची असेल तर इनकॉग्निटोमध्ये उघडून पाहा, तिथेही गेले नाही तर सरळ सेवेकडे तक्रार करा. आणि चित्र लहान करून पाठवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होते.»

हा सल्ला सद्‌भावनेने दिला जातो हे मला मान्य आहे. मात्र कार्यालयातील नेटवर्क सांभाळण्याचे काम करताना याच सल्ल्यामुळे लोकांचे दिवसच्या दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून त्यातील एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या मुद्द्यामागे असे गृहीत आहे की मजकूर आणि चित्र एकाच वाटेने जातात. अनेक चॅट सेवांमध्ये तसे नसते. मजकूर सेवेच्या मुख्य डोमेनकडे जातो. चित्राच्या बाबतीत पान आधी त्याच मुख्य डोमेनकडे परवानगी मागते, तेथून काही मिनिटांपुरता चालणारा एक खास पत्ता मिळतो, आणि मग चित्र त्या पत्त्यावर, म्हणजे बहुधा एखाद्या क्लाउड साठवणुकीच्या वेगळ्याच डोमेनवर, थेट चढवले जाते. ते पोहोचल्यावर पान मुख्य डोमेनला तसे कळवते आणि तेव्हा कुठे चित्र संवादात दिसते. कंपनीच्या फायरवॉलमध्ये संकेतस्थळांची वर्गवारी असते. चॅट सेवा एका वर्गात मोडते आणि साठवणुकीचे डोमेन ‘ऑनलाइन फाइल साठवणूक’ अशा दुसऱ्या वर्गात मोडते. हा दुसरा वर्ग अनेक कंपन्या जाणीवपूर्वक बंद ठेवतात, कारण कार्यालयातील फाइली बाहेर जाण्याची ती सर्वांत सोपी वाट असते. परिणामी साइट उघडते, मजकूर जातो, उत्तरेही येतात आणि चित्राची वाट तेवढी बंद राहते. दोन्हींचे डोमेन एकच असले तरीही हे घडू शकते, कारण आजचे फायरवॉल एकाच सेवेतील संभाषणाला मुभा देऊन फाइल पाठवण्याला मनाई करू शकतात.

सूचना का दिसत नाही, हा या विषयातील सर्वांत गैरसमजाचा भाग आहे. आपण पत्त्याच्या पट्टीत एखादे बंद केलेले संकेतस्थळ टाइप करतो तेव्हा प्रॉक्सी, म्हणजे कार्यालय आणि इंटरनेट यांच्या मधली तपासणी यंत्रणा, त्या पानाऐवजी स्वतःचे पान पाठवते आणि ब्राउझर ते आपल्यासमोर मांडतो. चित्र चढवण्याची विनंती मात्र आपण पान उघडण्यासाठी केलेली नसते. ती चॅटच्या पानातील जावास्क्रिप्टने पडद्यामागे केलेली असते. प्रॉक्सी तेव्हाही आपले ‘प्रवेश नाही’ असे पान इमानेइतबारे पाठवते, पण ते येते त्या जावास्क्रिप्टच्या हाती. विनंती दुसऱ्या डोमेनची असल्याने आणि प्रॉक्सीच्या उत्तरात त्या डोमेनची संमती सांगणारे `Access-Control-Allow-Origin` हे हेडर नसल्याने, ब्राउझर ते उत्तर जावास्क्रिप्टलाही वाचू देत नाही. तिच्या हाती फक्त `Failed to fetch` एवढेच पडते. डोमेन एकच असेल तर ती ते उत्तर वाचू शकते, पण तिला अपेक्षा असते जेसनची आणि मिळते एचटीएमएल, म्हणून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे त्रुटी नोंदल्या जातात त्या भागात, `Unexpected token '<'` अशी ओळ उमटते. तो `<` म्हणजे तुमच्या कंपनीच्या सूचनेच्या पानाचे पहिले अक्षर असू शकते. म्हणजे सूचना आलेली असते, ती माणसापर्यंत पोहोचलेली नसते.

येथे सेवेकडे थोडा दोष जातो आणि तो नाकारू नये. आलेली त्रुटी गिळून नुसते चक्र फिरवत ठेवणे किंवा लघुचित्र गुपचूप काढून टाकणे ही लिहिणाऱ्यांची उणीव आहे. परंतु अडथळा न सांगणे आणि अडथळा निर्माण करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुरुस्ती कोणाकडे मागायची हे या फरकावरच ठरते.

एका प्रकरणाचा तपशील सांगतो. आमच्या एका सहकारी बाईंचे स्क्रीनशॉट चॅटमध्ये जात नव्हते. लघुचित्र दिसायचे, चक्र फिरायचे आणि काही सेकंदांत सारे नाहीसे व्हायचे. त्यांनी सेवेकडे दोनदा तक्रार केली होती आणि दोन्ही वेळा ‘आमच्याकडे सर्व सुरळीत आहे’ असे उत्तर आले होते. मी त्यांच्याच संगणकावर F12 दाबून नेटवर्कचा टॅब उघडला, जुन्या नोंदी पुसल्या आणि गोपनीय काहीही नसलेले एक छोटे चित्र पाठवायला सांगितले. डोमेनची नावे बदलून ती नोंद अशी होती:

```
POST     chat.example/api/uploads      200
OPTIONS  files.example/u/7f3a          403
PUT      files.example/u/7f3a          CORS error
```

पहिल्या ओळीत सेवेने खास पत्ता दिला आहे, म्हणजे सेवा जागी आहे आणि चित्र घ्यायला तयार आहे. दुसऱ्या ओळीत ब्राउझर साठवणुकीच्या डोमेनला आधी विचारतो की मी तुमच्याकडे असे काही पाठवू का, आणि त्या विचारण्यालाच 403, म्हणजे मनाईचे उत्तर, मिळाले आहे. तिसऱ्या ओळीतील चित्र त्यामुळे संगणकाबाहेर पडलेलेच नाही. कन्सोलमध्ये `Response to preflight request doesn't pass access control check` असे लिहिलेले होते. हे वाक्य वाचून पुष्कळ जण सेवेच्या मांडणीत चूक आहे असा निष्कर्ष काढतात, परंतु ते 403 नेमके कोणी दिले हे त्या वाक्यावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी मी `https://files.example/` हा पत्ता नव्या टॅबमध्ये उघडला. ही आता पान उघडण्याची विनंती असल्याने, इतके दिवस लपलेले सूचनेचे पान समोर आले आणि त्यावर बंद वर्गाचे नावही होते. त्या पानाचे सुरक्षा प्रमाणपत्र पाहिले तेव्हा ते साठवणूक सेवेच्या नेहमीच्या प्रमाणपत्र संस्थेचे नव्हते, आमच्या कंपनीच्या स्वतःच्या प्रमाणपत्रातून निघालेले होते. याचा अर्थ प्रॉक्सी मध्ये बसून कूटबद्ध वाहतूक उलगडून पाहत होती. नंतर तेच निरुपद्रवी चित्र मी माझ्या खाजगी फोनवरून मोबाइल डेटावर पाठवले आणि ते लगेच गेले.

या टॅबच्या चाचणीला मर्यादा आहेत. काही ठिकाणी फायरवॉल पाहायला मुभा देते आणि फक्त पाठवण्याला मनाई करते. तेथे नव्या टॅबमध्ये साठवणूक सेवेचे स्वतःचे रूक्ष उत्तर दिसेल आणि वाट मोकळी असल्याचा भास होईल. जेथे वाहतूक उलगडली जात नाही, तेथे सूचनेच्या पानाऐवजी `ERR_CONNECTION_RESET` किंवा `ERR_TUNNEL_CONNECTION_FAILED` दिसू शकते, आणि फायरवॉल विनंती नुसती टाकून देत असेल तर नोंद बराच वेळ `(pending)` राहते.

एक्स्टेंशनबद्दलचे विधान तर मुळातच अपुरे आहे. जाहिराती अडवणारे एक्स्टेंशन पत्त्यातील शब्द पाहून निर्णय घेते, आणि चित्र चढवण्याच्या पत्त्यात एखाद्या नियमाशी जुळणारा तुकडा आला तर तेही अडते. हे ओळखणे सोपे आहे, कारण नोंदीत `(blocked:other)` आणि कन्सोलमध्ये `net::ERR_BLOCKED_BY_CLIENT` असे येते. येथे क्लायंट म्हणजे तुमचाच ब्राउझर. विनंती फायरवॉलपर्यंत गेलेलीच नसते.

अधिक अवघड प्रकार म्हणजे कंपनीने धोरणाद्वारे बसवलेले सुरक्षेचे एक्स्टेंशन. ते पानावर लक्ष ठेवते आणि फाइल निवडण्याची, ओढून टाकण्याची किंवा चिकटवण्याची घटना पानाच्या आधी स्वतः पकडून तेथेच थांबवू शकते. तेव्हा नेटवर्कच्या टॅबमध्ये लाल ओळ येत नाही, कोणतीच ओळ येत नाही. चित्र निवडूनही नोंद कोरी राहिली तर फायरवॉलचा विचार बाजूला ठेवून `chrome://extensions` पाहावे आणि `chrome://policy` येथे कंपनीची धोरणे वाचावीत. तेथे `AllowFileSelectionDialogs` हे धोरण `false` असेल तर एक्स्टेंशन नसतानाही फाइल निवडण्याची खिडकीच उघडत नाही.

इनकॉग्निटोची चाचणी निरुपयोगी नाही, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. क्रोममध्ये एक्स्टेंशन तेथे मुळात बंद असतात, आपण परवानगी दिलेली असेल तेवढीच चालतात. चित्र तेथे गेले तर संशय एक्स्टेंशनवर किंवा साठलेल्या जुन्या माहितीवर येतो. चित्र तेथेही गेले नाही तर मात्र सेवा दोषी ठरत नाही, कारण इनकॉग्निटोची खिडकी त्याच तारेने, त्याच प्रॉक्सीतून आणि त्याच फायरवॉलमधून बाहेर जाते. फायरवॉलचा संशय तपासायचा तर नेटवर्क बदलून पाहावे लागते. शेजारच्या टेबलावरून चित्र जाते हेही पुरावा म्हणून धरू नये, कारण फायरवॉलचे नियम अनेकदा विभागानुसार वेगळे असतात.

चित्र लहान करण्याचा उपाय मुख्यतः एका परिस्थितीत लागू पडतो, ती म्हणजे नोंदीत 413 आलेले असते तेव्हा. ते एखाद्या सर्व्हरने किंवा मधल्या प्रॉक्सीने आकाराची मर्यादा ओलांडल्याचे सांगितलेले असते. वीस किलोबाइटचे चित्रही जात नसेल तर आकाराचा विचार सोडून द्यावा.

आमच्या प्रकरणात मी नेटवर्क विभागाकडे साठवणुकीच्या डोमेनचे पूर्ण नाव, विनंतीचा प्रकार, 403 हा आकडा, वापरकर्त्याचा विभाग आणि मिनिटापर्यंतची वेळ एवढेच दिले, कारण त्यांना आपल्या नोंदवहीत तो नियम शोधायला तेवढे पुरते. ब्राउझरमधून उतरवलेली एचएआर फाइल, म्हणजे सर्व विनंत्यांची संपूर्ण नोंद, दिली नाही. तिच्यात लॉगिनच्या कुकी असू शकतात, आणि चित्र चढवण्याचा तो खास पत्ता मुदत संपेपर्यंत किल्लीसारखाच चालतो. विभागाने उत्तर दिले की नियम हेतुपुरस्सर आहे. बाईंच्या विभागाला फक्त त्या एका डोमेनपुरती सूट मिळाली, बाकीचा वर्ग बंदच राहिला. दरम्यानच्या काळात फोनच्या हॉटस्पॉटवरून कामाचे स्क्रीनशॉट पाठवू का, असे त्यांनी मला विचारले होते. मी नको म्हणालो. चाचणीसाठी निरुपद्रवी चित्र बाहेरच्या नेटवर्कवरून पाठवणे वेगळे, आणि जी माहिती बाहेर जाऊ नये म्हणून नियम केला आहे तीच दुसऱ्या वाटेने नेणे वेगळे.