रुपया पडला? आधी विचारा, कुणासमोर पडला

डॉलरनं नवा उच्चांक गाठला की त्या संध्याकाळी आपल्याकडच्या शेअर बाजाराच्या ग्रुपवर दोन मेसेज हमखास फिरतात. एक, "निर्यातदारांची चांदी, एक्स्पोर्टचे शेअर उचला." दुसरा, "अमेरिकेचे शेअर घेऊन ठेवा, रुपया काय पडतच राहणार." मी कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या, धातू ओतून यंत्रांचे भाग बनवणाऱ्या फाउंड्र्यांचे हिशेब बघतो. या दोन वाक्यांच्या भरवशावर माणसं कष्टाचे पैसे लावतात, हे बघून मनापासून काळजी वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

२०२२ साल घ्या. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास होता. जुलैत त्यानं ऐंशी गाठली आणि सप्टेंबरअखेर तो साडेएक्क्याऐंशीपर्यंत गेला. सगळीकडे एकच बातमी होती, रुपया घसरला. पण आपल्या बऱ्याच फाउंड्र्यांचं कास्टिंग जर्मनी-इटलीकडं जातं आणि त्याचं बिल युरोत होतं. त्याच नऊ महिन्यांत युरो ८४ रुपयांवरून ७९ च्या आसपास उतरला. युक्रेनचं युद्ध, गॅसची टंचाई आणि अमेरिकेत झपाट्यानं वाढलेले व्याजदर यांमुळं युरो डॉलरसमोर कोसळला होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच एका डॉलरला एक युरो असा भाव आला. म्हणजे रुपया डॉलरसमोर पडला, पण युरोसमोर चक्क वधारला.

त्या वेळी एका मालकांनी मला विचारलं होतं, "सर, पेपरात रुपया पडला म्हणतात, मग आमच्या खात्यात पैसे कमी कसे येतात?" त्यांचे खरे आकडे इथं देत नाही, समजायला सोपे घेतो. समजा, महिन्याला १ लाख युरोचा माल जातो. जानेवारीत त्याचे ८४ लाख रुपये होतात. खर्च ७७ लाख, त्यातला १० लाखांचा भट्टीत जाळायचा कोक. नफा ७ लाख. आता सप्टेंबरअखेर या. तोच माल, तेवढेच नग, तोच दर. खात्यात येतात ७९ लाख. कोक मात्र परदेशी कोळशापासून बनतो, बहुतेक ऑस्ट्रेलियाच्या, आणि त्या कोळशाचा भाव डॉलरमध्ये ठरतो. कोळशाचा डॉलरमधला भाव जागचा हलला नाही असं धरलं, तरी १० लाखांचा कोक जवळपास ११ लाखांना पडतो. खर्च झाला ७८ लाख आणि नफा उरला १ लाख. प्रत्यक्षात त्या वर्षी युद्ध सुरू झाल्यावर कोळशाचे भावही भडकले होते, ते यात धरलेलेच नाहीत. उत्पन्न सहा टक्क्यांनी घटलं, पण नफ्यातले सातपैकी सहा लाख गेले. मार्जिन बारीक असलं की चलनाचा छोटा हेलकावाही असा मुळावर येतो.

शेजारच्याच प्लॉटवर अमेरिकेला डॉलरमध्ये माल पाठवणारा असेल, तर त्याला तेवढ्याच काळात दर डॉलरमागं सात रुपये जास्त मिळाले. दोघंही निर्यातदार, दोघांचा धंदाही एकच. पण त्यालाही हा पैसा कायमचा मिळत नाही. परदेशातला खरेदी अधिकारीही रोज भाव बघतो. पुढच्या कराराला बसला की तो म्हणतो, तुमचं चलन स्वस्त झालंय, चार टक्के कमी करा. मग काही महिन्यांतच हा फायदा गिऱ्हाइकाच्या खिशात जातो.

यावरचा इलाज म्हणजे बँकेत फॉरवर्ड बुक करणं. सहा महिन्यांनी येणाऱ्या युरोचा भाव आजच पक्का करायचा. आपले व्याजदर युरोपपेक्षा जास्त असल्यानं हा भाव आजच्या भावापेक्षा सहसा थोडा वरचाच मिळतो. जानेवारीत ज्यांनी असं बुक केलं, ते सप्टेंबरात शांत झोपले. मात्र सप्टेंबरच्या भीतीनं ज्यांनी सगळाच माल ७९ च्या आसपास बांधून टाकला, त्यांनी डिसेंबरअखेर युरो ८८ वर गेलेला पाहिला. ज्यांची ऑर्डर पुढं ढकलली गेली, त्यांची अडचण याहून मोठी. माल गेला नाही तर युरो येत नाहीत, पण बँकेशी केलेला करार तसाच उभा असतो. तो मोडायचा तर भावातला फरक खिशातून भरावा लागतो. म्हणून माझं ठाम मत आहे की फॉरवर्ड फक्त हातात पीओ, म्हणजे गिऱ्हाइकाची लेखी ऑर्डर, असलेल्या मालावरच करावा, त्यातही निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत, आणि दर महिन्याला थोडा थोडा. भाव कुठं जाईल हे सांगणाऱ्याचं ऐकून तर अजिबात करू नये.

शेअर घेणाऱ्यानंही हेच तपासायला हवं. कंपनीच्या वार्षिक अहवालात मागच्या बाजूला, जोखमीच्या टिपांमध्ये, कोणत्या चलनात किती येणं आणि किती देणं आहे याचा तक्ता असतो. भाव अमुक टक्के हलला तर नफा किती हलेल, हेही तिथंच दिलेलं असतं. नुसतं "उत्पन्नाचा ७० टक्के भाग निर्यातीतून" एवढं वाचून काहीच कळत नाही. कच्चा माल डॉलरमध्ये येत असेल, वर डॉलरचं कर्ज असेल, तर रुपया पडल्यावर त्याच कंपनीचं नुकसानही होऊ शकतं.

आता अमेरिकन शेअरकडं येऊ. त्याच २०२२ मध्ये एस अँड पी ५०० हा निर्देशांक १९.४ टक्के पडला. वर्षाच्या सुरुवातीला १ लाख रुपये लावलेल्या आपल्या माणसाकडं वर्षअखेर साधारण ८९,७०० उरले, कारण डॉलर ७४.३ वरून ८२.७ झाला होता. पडझड निम्मी झाली. पण २०१७ बघा. निर्देशांक तेवढाच, १९.४ टक्के, वर गेला, पण डॉलर ६७.९ वरून ६३.९ वर आला. १ लाखाचे झाले १ लाख १२ हजार. निर्देशांकाच्या १९.४ पैकी सात टक्के रुपयाच्या मजबुतीनं खाल्ले.

यामागं एक कारण आहे. जगात घबराट पसरली की परदेशी गुंतवणूकदार इथले शेअर विकून डॉलर घरी नेतात आणि रुपया पडतो. सगळं सुरळीत असलं की ते पैसे घेऊन येतात आणि रुपया सावरतो. त्यामुळं अमेरिकन शेअरची पडझड आपल्याला अनेकदा थोडी कमी लागते आणि तेजीही थोडी कमी मिळते. दरवेळी असंच होईल असं नाही, पण "रुपया पडणार म्हणून घ्या" या सल्ल्यात ही दुसरी बाजू कधीच नसते.

शिवाय डॉलर वाढला की ती अमेरिकन कंपनीही आपल्या फाउंड्रीच्याच जागी येते. मायक्रोसॉफ्टची जवळपास निम्मी विक्री अमेरिकेबाहेर होते. जून २०२२ मध्ये तिनं त्या तिमाहीच्या विक्रीचा आणि नफ्याचा अंदाज खाली आणला आणि कारण दिलं, मजबूत डॉलर. म्हणजे आपल्याला रुपयात जो फायदा दिसतो, त्यातला काही भाग कंपनीच्या नफ्यातून आधीच वजा झालेला असतो.

आणि कर. तो रुपयांत मोजलेल्या नफ्यावर लागतो. शेअर १,००० डॉलरना घेतला, १,००० डॉलरनाच विकला, पण मधल्या काळात डॉलर ७४ चा ८४ झाला, तर कागदावर १०,००० रुपये नफा दिसतो आणि त्यावर कर भरावा लागतो. त्यात पैसे पाठवताना आणि परत आणताना, दोन्ही वेळा बँक भावात आपला फरक काढून घेते. गुंतवण्याआधी बँकेला एवढंच विचारा, आज डॉलर मला केवढ्याला देणार आणि आजच विकला तर केवढ्याला घेणार? या दोन आकड्यांतला फरक शेअरला आधी कमवावा लागतो.

तुमच्यापैकी कुणाचं बिल युरोत किंवा पौंडात होत असेल आणि गेल्या काही वर्षांत वेगळा अनुभव आला असेल, तर कमेंटमध्ये जरूर लिहा.