9.74 सरस की 9.78?

वाद सुरू झाला रिएतीवरून. 9 सप्टेंबर 2007 ला इटलीतल्या रिएती इथे जमैकाचा धावपटू असाफा पॉवेल 100 मीटर दोनदा पळाला. हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, 9.74 सेकंद, वारा +1.7, म्हणजे पाठीवरून सेकंदाला 1.7 मीटर, आणि तो विश्वविक्रम ठरला. त्याच दिवशी फायनलमध्ये 9.78, वारा 0.0. बंड्याचं म्हणणं सरळ होतं. वारा दोनच्या आत होता, वेळ कायदेशीर होती, म्हणजे 9.74 हीच त्या दिवसाची सरस धाव.

"दोनच्या आत म्हणजे वारा नव्हताच असं थोडंच आहे?" वैशाली म्हणाली. "पाठीवर 1.7 घेऊन पळालेला आणि शांत हवेत पळालेला, दोघांची वेळ तशीच्या तशी शेजारी कशी ठेवायची?"

"मग नियम कशाला केलाय?"

याचं उत्तर तात्यांनी दिलं. मैदानावर वाऱ्याची नोंद घेण्याचं काम त्यांना नीट माहीत आहे. +2.0 मीटर प्रति सेकंद ही मर्यादा विक्रम मान्य करायचा की नाही हे ठरवण्यासाठी आहे. वारा त्याहून जास्त निघाला तरी शर्यतीतला क्रमांक आणि पदक तसंच राहतं, फक्त वेळ विक्रमाच्या यादीत जात नाही. आकडाही नेहमी वरच्या दशांशाला नेतात, म्हणजे 2.03 मोजला तर 2.1 लिहायचा. "आता 2.0 आणि 2.1 यांच्यात धावणाऱ्याला मिळणारा फायदा किती? शतांश सेकंदाच्या निम्मा," तात्या म्हणाले. "पण 0.0 आणि 2.0 यांच्यात तो एक दशांश सेकंदाचा असतो, आणि दोन्ही वेळा नियमात बसतात. तुलना करायची तर ही रेघ काही कामाची नाही."

बंड्याने मग दुसरा मुद्दा काढला. एवढंच असेल तर वाऱ्याच्या दर मीटरमागे ठरावीक वेळ वजाबाकी करून मोकळं व्हावं, सूत्रबित्र कशाला? इथे खरी गोम आहे. हवेचा अडथळा धावणारा हवेच्या तुलनेत किती वेगाने जातो त्याच्या वर्गावर ठरतो. सेकंदाला 10 मीटर पळणारा माणूस घेऊ. शांत हवेत अडथळा 100 धरला, तर पाठीवर 2 चा वारा असताना तो 8 चा वर्ग, म्हणजे 64 होतो. समोरून 2 चा वारा असेल तर 12 चा वर्ग, 144. फायदा 36 चा आणि तोटा 44 चा. म्हणून समोरचा वारा जितकं नुकसान करतो तितका पाठीवरचा भरून देत नाही. शिवाय पाठीवरचा वारा वाढत जातो तसा त्याच्या प्रत्येक पुढच्या मीटरचा फायदा कमी होत जातो. सरसकट वजाबाकी केली तर जोराच्या वाऱ्यातल्या वेळांवर अन्याय होतो.

वैशालीने वहीत सूत्र लिहिलं. भौतिकशास्त्रज्ञ जे. आर. म्युरेका यांचं हे सोपं रूप 100 मीटरसाठी पुष्कळ वापरलं जातं:

```
t0 = t * (1.03 - 0.03 * exp(-0.000125*H) * (1 - w*t/100)^2)
```

t म्हणजे नोंदलेली वेळ, w म्हणजे वारा (समोरचा असेल तर उणे), H म्हणजे मैदानाची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये. उत्तर येतं ते शांत हवेत, समुद्रसपाटीला लागली असती त्या वेळेचं. चिन्हाची चूक सर्रास होते, म्हणून w उणे टाकल्यावर उत्तर मूळ वेळेपेक्षा लहान येतंय ना, हे आधी पाहावं. मैदान उंचावर असेल तर हवा विरळ असल्याने उत्तर थोडं वर सरकतं, तेवढं लक्षात ठेवायचं.

रिएती साधारण 400 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उंचीचा गुणक 0.951 आला. हीटसाठी 1.7 गुणिले 9.74 भागिले 100 म्हणजे 0.166. एकातून वजा करून 0.834, त्याचा वर्ग 0.696. त्याला 0.03 आणि 0.951 ने गुणल्यावर 0.0199. ते 1.03 मधून काढलं की 1.0101, आणि 9.74 चे झाले 9.84. फायनलला वारा शून्य, फक्त उंचीचा हिशोब, म्हणून 9.78 चे 9.79. पाच शतांशांनी फायनल सरस. माणूस तोच, मैदान तेच, दिवस तोच, म्हणून ही तुलना इतकी स्वच्छ निघते. उंचीचा अंदाज थोडा चुकला तरी दोन्ही वेळा जवळजवळ सारख्याच सरकतात.

बंड्या गप्प बसला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. "हीटमध्ये पळणारे शेवटी ढिलं सोडतात. ते तुझ्या सूत्राला कुठे कळतं?"

कळत नाही. सूत्र फक्त हवेचं देणंघेणं मिटवतं. सुरुवात कशी झाली, शेवट किती जोर लावून केला, हे त्यात येत नाही. त्यामुळे फायनलची धाव सरस होती एवढंच म्हणता येतं. हीटमध्ये पूर्ण जोर लावला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न उघडाच राहतो.

"आणि मुळात तो 1.7 तरी किती खरा?" तात्यांनी विचारलं. 100 मीटरला वारामापक एकच असतो. पहिल्या लेनच्या बाजूला, ट्रॅकपासून दोन मीटरच्या आत, शेवटच्या रेषेच्या 50 मीटर अलीकडे, 1.22 मीटर उंचीवर. गोळी सुटल्यापासून दहा सेकंदांची सरासरी घेतात आणि ट्रॅकच्या दिशेने वाहणारा भागच मोजतात. आठव्या लेनमध्ये किंवा सुरुवातीच्या वीस मीटरांत वारा वेगळा असू शकतो. मापात अर्ध्या मीटरचा फरक पडला तर उत्तरात अडीच-तीन शतांश इकडेतिकडे होतात. म्हणून दुरुस्त केलेल्या दोन वेळांत एक-दोन शतांशांचा फरक दिसला तर त्या समान धराव्यात, असं मला वाटतं. रिएतीतले पाच शतांश त्यामानाने पुरेसे आहेत.

मापच बिघडलं की काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचं आहे. 16 जुलै 1988 ला अमेरिकेची फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर महिलांच्या 100 मीटरच्या उपांत्यपूर्व फेरीत 10.49 पळाली, नोंदलेला वारा 0.0. त्याच वेळी शेजारच्या तिहेरी उडीच्या मापकावर +4.3 होता, आणि त्याच फेरीतल्या पुढच्या एका शर्यतीत +5.0 लागला. दुसऱ्या दिवशी फायनलला ती 10.61 पळाली, वारा +1.2. सूत्राने ते सुमारे 10.69 होतात. महिलांच्या वेळेत वाऱ्याचा फरक जरा जास्त पडतो, तेव्हा किंचित वरच. म्हणजे 0.0 खरा मानला तर एका रात्रीत वीस शतांशांची तफावत. त्याऐवजी 10.49 ला +5.0 लावून पाहिला तर उत्तर सुमारे 10.74 येतं, जे फायनलच्या बरंच जवळ जातं. 10.49 हा विश्वविक्रम म्हणून अजून यादीत आहे, तो नियमांचा प्रश्न झाला. तुलनेत मात्र मी त्या 0.0 वर भिस्त ठेवणार नाही.

वैशालीची पद्धत यातूनच निघते. एखाद्या शर्यतीची वेळ दुरुस्त करण्याआधी ती आगेमागे झालेल्या शर्यतींचे आणि उडीच्या मापकाचे आकडे पाहते. सगळे 1 ते 2 मध्ये असतील तर सूत्र लावायचं. एकच आकडा मधेच शून्यावर पडला असेल तर त्या वेळेपुढे प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि क्रम लावताना ती बाजूला काढायची.

"आणि 200 मीटर?" बंड्याने शेवटी विचारलं.

"तिथे पहिला धावणारा वळणातून सरळ भागात शिरला की तिथून दहा सेकंद मोजतात," तात्या म्हणाले. "वळणावर वारा कुठून होता, याची नोंदच होत नाही. सरळ भागात पाठीवर असलेला वारा वळणाच्या सुरुवातीला समोरून लागलेला असू शकतो. त्या एका आकड्यावर 200 ची वेळ शतांशापर्यंत दुरुस्त करायला मी तरी बसणार नाही."